इराणी आणि अरबी आकडे : अंक कळतो, मधली रेघ फसवते

प्रश्न : "आमच्या ऑफिसात इराण आणि इजिप्तहून खतं-औषधांची माहितीपत्रकं येतात, त्यातले आकडे मला एक्सेलमध्ये भरायचे असतात. भाषा येत नाही, नेटवरचा अंकांचा तक्ता समोर ठेवून भरतो. तरी साहेब म्हणतात बरेच आकडे चुकलेत. ४, ५, ६ दोन-दोन प्रकारे का दिसतात? आणि १/५ असं लिहिलेलं असेल तर ते एक पंचमांशच ना, म्हणजे ०.२?"

उत्तर :

नाही, ०.२ नाही. कागद इराणचा असेल तर ते जवळपास नक्कीच १.५ आहे, आणि तुमचे आकडे चुकतायत त्यातला मोठा वाटा याच एका गोष्टीचा असणार असा माझा अंदाज आहे. मी फारसी-अरबीतून तांत्रिक कागदांची भाषांतरं करतो, शेतीची माहितीपत्रकं त्यात भरपूर येतात. माझा अनुभव असा की अंक ओळखण्यात माणसं फार चुकत नाहीत, दोन-तीन दिवसांत डोळा बसतो. चूक होते ती दोन अंकांच्या मधे जी रेघ, टिंब किंवा स्वल्पविराम असतो तिथे, आणि शेवटी एकक लावताना. तक्त्यात हे काहीच नसतं, तिथे फक्त दहा अंक असतात.

आता पुढचं सगळं थोडं "कागदावर अवलंबून" आहे हे आधीच सांगतो. छापील आहे की हाताने लिहिलेलं, स्कॅन आहे की कॉपी करता येणारी फाईल, इराणचं आहे की अरब देशाचं, यावर उत्तर बदलतं. तरी सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं आहे, आधी कागद कोणत्या देशाचा ते बघायचं आणि मगच आकडे वाचायचे.

तुमच्या ४-५-६ चा उपयोग तिथेच होतो. अरबी पद्धतीचे अंक असे: ٠ ١ ٢ ٣ ٤ ٥ ٦ ٧ ٨ ٩ आणि इराणी पद्धतीचे असे: ۰ ۱ ۲ ۳ ۴ ۵ ۶ ۷ ۸ ۹ . सात अंक सारखे, फरक फक्त मधल्या तिघांत. अरबी ५ म्हणजे पोकळ गोल, इराणी ५ म्हणजे उलटं बदाम. अरबी ६ इंग्रजी 7 सारखा दिसतो, इराणी ६ ला वर वळणदार आकडी असते. अरबी ४ उलट्या फिरवलेल्या इंग्रजी 3 सारखा, इराणी ४ म्हणजे उभी दांडी आणि वर दोन फांद्या. म्हणजे पानावर कुठेही ४, ५ किंवा ६ दिसला की कागद कुठल्या पद्धतीचा ते कळतं, आणि एकदा ते कळलं की रेघेचा अर्थही बराचसा ठरतो. पानावर हे तीन अंक नसतील तर अक्षरं बघा, پ چ ژ گ ही चार अक्षरं फारसीत (आणि उर्दूतही) असतात, साध्या अरबीत नसतात. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया इथले कागद असतील तर तिथे आपले नेहमीचे इंग्रजी अंकच असतात. उर्दू कागद आला तर अंक इराणी गटातलेच, पण ४ आणि ७ चं वळण थोडं वेगळं दिसेल, त्याने गोंधळू नका.

मराठी वाचणाऱ्या माणसाला इथे एक खास त्रास आहे जो इंग्रजी तक्त्यात कोणी सांगत नाही. अरबी ٥ आपल्याला शून्य वाटतं, पण ते पाच आहे, शून्य म्हणजे नुसतं टिंब. अरबी ٩ आपल्या एकासारखा दिसतो, पण तो नऊ आहे. आणि अरबी ٤ घाईत आपल्या सहासारखा वाचला जातो, तो चार आहे. थकल्यावर हात आपोआप देवनागरीवर जातो, त्यामुळे भरलेल्या शीटमधे ०, १, ६ जिथे संशयास्पद जास्त झालेत तिथे पहिल्यांदा बघा.

शून्य हे टिंब असल्यामुळे अजून एक भानगड होते. इजिप्तच्या किंवा आखातातल्या कागदावर कोणी दशांशासाठी साधं टिंब टाइप केलं तर ٢.٥ आणि ٢٠٥ यात फरक फक्त टिंबाच्या उंचीचा राहतो. शून्याचं टिंब ओळीच्या मध्यावर, थोडं वर आणि जाड असतं, दशांशाचं टिंब तळाला असतं. खराब स्कॅनमधे दोन्ही सारखेच, वर धुळीचा ठिपका असेल तर तिसरा उमेदवार उभा राहतो. म्हणूनच व्यवस्थित छापलेल्या अरबी मजकुरात दशांशासाठी वेगळं चिन्ह असतं, ٫ असं, छोट्या तिरक्या स्वल्पविरामासारखं, आणि हजाराचे गट पाडायला ٬ असतं जे वर टांगलेलं असतं. हाताने टाइप करणारे दशांशाला साधा स्वल्पविरामही मारतात. मग ٢,٥٠٠ हे अडीच हजार की अडीच? अशा ठिकाणी मी स्वल्पविरामानंतर किती अंक आहेत ते बघतो. नेमके तीन असतील तर संशय, एक किंवा दोन असतील तर दशांश. संशय असला की त्याच पानावरचे बाकीचे आकडे बघायचे, एक माणूस एका पानावर सहसा एकच सवय पाळतो.

हाताने लिहिलेला कागद आला, म्हणजे पावती, गोदामाची नोंद वगैरे, तर छापील तक्ता बाजूला ठेवा. अरबी हस्ताक्षरात ३ लिहिताना बरेच लोक दात कमी काढतात आणि तो छापील ٢ सारखा होतो, मग २ काढताना नुसती एक वाकडी आकडी मारतात. अशा वेळी त्या माणसाचा २ कसा आहे ते तारखेवरून शोधायचं. ٢٠٢٣ असं साल असेल तर त्यात दोन वेळा २, एक शून्य आणि एक ३ फुकट मिळतो. इराणी कागदावर ۱۴۰۲ मधून १, ४, ०, २ मिळतात. मी प्रत्येक हस्तलिखित कागद तारखेपासूनच वाचायला घेतो.

तारखेचं आलंच आहे तर, इराणी ۱۴۰۲/۰۷/۱۵ म्हणजे ७ ऑक्टोबर २०२३. त्यांचं सौर वर्ष मार्चच्या २०-२१ तारखेच्या सुमारास सुरू होतं, म्हणून ३१ डिसेंबरपर्यंत ६२१ मिळवायचे आणि जानेवारीपासून त्यांचं वर्ष संपेपर्यंत ६२२. हेच १४०२ चुकून चांद्र हिजरी समजलात तर साल १९८१-८२ येईल आणि औषध चाळीस वर्षं शिळं दिसेल. एक्स्पायरीची चूक सहसा लगेच पकडली जाते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता मुख्य गोष्ट, रेघ. इराणमधे शाळेपासून दशांश चिन्ह म्हणून तिरकी रेघ लिहितात, तिला ते मोमय्येज म्हणतात. संगणकावरही लोक सर्रास कीबोर्डवरची `/` हीच वापरतात. त्यामुळे ۱/۵ म्हणजे दीड, ۷/۵ म्हणजे साडेसात, ۰/۷۵ म्हणजे पाऊण. यातला शेवटचा आकडा फार कामाचा आहे, कारण शून्य भागिले पंचाहत्तर असा अपूर्णांक कोणी लिहीत नाही. पानावर कुठेही ۰/ ने सुरू होणारा आकडा सापडला की समजायचं हा लेखक रेघेला दशांश मानतो, आणि मग त्या पानावरच्या तारखा सोडून सगळ्या रेघा तशाच वाचायच्या. इराणी लेखकाला खरा अपूर्णांक लिहायचा असेल तर तो वर-खाली मांडतो किंवा अक्षरात लिहितो, ओळीत रेघ मारून एक पंचमांश लिहिलेलं मला तांत्रिक कागदात क्वचितच दिसलंय.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, हे असं खरंच कागदावर येतं. समजा द्रवरूप खताचं इराणी लेबल आहे. त्यावर चार गोष्टी आहेत: घनता ۱/۲۵, डबा ۲۰ लिटरचा, निव्वळ वजन ۲۵ किलो, आणि मात्रा "۱/۵ ते ۲ लिटर, ۱۰۰۰ लिटर पाण्यात". तुमच्या पद्धतीने घनता एक पंचविसांश धरली तर ०.०४ येते, म्हणजे वीस लिटर खताचं वजन ८०० ग्रॅम. इतकं हलकं द्रवरूप खत नसतं, आणि लेबलवरच २५ किलो छापलंय. रेघ दशांश धरली तर १.२५ गुणिले २० बरोबर २५, जमलं. म्हणजे लेबलनेच सांगितलं की रेघ दशांश आहे. आता तोच अर्थ मात्रेला लावायचा, दीड ते दोन लिटर हजार लिटर पाण्यात. तुमच्या शीटमधे हे ०.२ ते २ गेलं असेल. तेही नीट बघितलं असतं तर खटकलं असतं, कारण शिफारशीची खालची आणि वरची मर्यादा दहा पटीने लांब असली तर तिला कोणी शिफारस म्हणणार नाही. माझी पद्धत हीच, लेबलवर एकमेकांशी बांधलेले दोन-तीन आकडे शोधायचे (वजन, आकारमान आणि घनता, किंवा टक्केवारी आणि एकूण वजन), त्यांच्यावर रेघेचा अर्थ तपासायचा आणि मग जिथे तपासायला काहीच नाही तिथे तो वापरायचा. इराणी फवारणीच्या मात्रा बऱ्याचदा नुसत्या "१.५ दर हजार" अशा असतात, म्हणजे हजार लिटर पाण्यात दीड लिटर किंवा एका लिटरला दीड मिली. त्याला टक्के समजू नका, दहा पट चूक होते.

अरब देशांच्या कागदावर तीच रेघ अपूर्णांकाची असते, पण तिथे वेगळाच घोळ आहे. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, आकडा मात्र आपल्यासारखाच, मोठं स्थान डावीकडे. ١٢٥ म्हणजे एकशे पंचवीसच, तो उलटा वाचायचा नाही. अपूर्णांकात मात्र बरेच लोक वाचनाच्या दिशेने जातात, आधी उजवीकडे अंश आणि मग डावीकडे छेद. म्हणून अरबी पाककृतीत, दुकानाच्या चिठ्ठीत, स्थानिक माहितीपत्रकात ٢/١ असं दिसतं आणि ते असतं अर्धा. ٤/١ म्हणजे पाव, ٤/٣ म्हणजे पाऊण. सगळेच असं करत नाहीत, डावीकडे अंश ठेवणारेही भरपूर आहेत, म्हणून इथे नियमापेक्षा अक्कल चालवावी लागते. मी असं बघतो की डावीकडचा अंक २, ३, ४ किंवा ८ आहे आणि उजवीकडचा त्याच्यापेक्षा लहान आहे, तर तो उलटा अपूर्णांक आहे. चार भागिले तीन किलो असं माप कोणी देत नाही. छापील पानावर अंश-छेद वर-खाली असतील तर काही प्रश्नच नाही, वर अंश खाली छेद, आपल्यासारखंच.

म्हणजे चार, रेघ, तीन असा एकच ठसा घेतला तर इजिप्तच्या अंकांत ٤/٣ बहुधा ०.७५, इराणच्या अंकांत ۴/۳ म्हणजे ४.३, आणि आपल्या डोळ्याला दोन्हीकडे १.३३ दिसतं, जे दोन्हीकडे चूक आहे. यातला फरक सांगणारी खूण काय, तर फक्त चारचा आकार. तुम्ही विचारलंत दोन-दोन प्रकारे का दिसतात, त्याचं इतिहासातलं उत्तर काहीही असो, तुमच्या कामापुरतं त्याचं मोल हे आहे.

इजिप्तच्या कीटकनाशकांच्या पत्रकात एक फार घाणेरडी जागा असते, ती मुद्दाम सांगतो कारण तुम्हाला ती येणारच. तिथे मिलीलिटरऐवजी घन सेंटिमीटर लिहायची रीत आहे आणि ते سم٣ असं लिहितात, सेंटिमीटरची दोन अक्षरं आणि पुढे साधा ३, वर चढवलेला नाही. मात्रा असते "५० घन सेमी / १०० लिटर पाणी". आता टाइप करणाऱ्याने ३, रेघ आणि १०० हे मधे जागा न सोडता लिहिलं की संगणक "३/१००" हा एकच आकडा समजतो आणि तो सगळा तुकडा डावीकडून उजवीकडे मांडतो. परिणाम काय, तर स्क्रीनवर आणि छपाईत १०० जाऊन चिकटतो सेंटिमीटरच्या अक्षरांना आणि ३ जाऊन बसतो लिटरच्या शेजारी. वाचणाऱ्याला दिसतं ५० सेमी, मग १००, रेघ, मग ३ लिटर पाणी. मग कोणी शीटमधे पाण्याच्या रकान्यात ३ लिटर टाकतं, म्हणजे द्रावण तेहतीस पट कडक. यात सुटायचा मार्ग सोपा आहे. سم च्या आसपास कुठेही एकटा ३ भटकताना दिसला तर तो आकडा नाही, तो घनाचा ३ आहे, त्याला मनातल्या मनात سم ला परत जोडा आणि बाकी जे उरेल ते वाचा. उरलेल्यात १०० लिटर येतंय का बघा, फळबागेच्या मात्रा तिथे बहुतेक शंभर लिटरलाच दिलेल्या असतात.

अशीच गंमत आडव्या रेघेने होते. तिरक्या रेघेने जोडलेले अंक संगणक एकत्र ठेवतो पण आडव्या रेघेचे, म्हणजे हायफनचे, अरबी-फारसी शब्दानंतर आले तर सुटे करतो आणि उजवीकडून मांडतो. त्यामुळे "साठवण तापमान २-८" हे वाक्यात डावीकडून बघितलं तर ८-२ दिसतं. तापमानात कोणी फसत नाही, लहान ते मोठं हे कळतं. पण खताचा ग्रेड १२-१२-३६ असेल तर? वाक्यात तो डावीकडून ३६-१२-१२ दिसतो, आणि तुम्ही नत्र ३६, पालाश १२ भरून मोकळे होता. वर आणि गंमत अशी की इराणी अंकांत तोच ग्रेड टेबलच्या चौकोनात एकटा लिहिलेला असेल, आधी एकही अक्षर नसेल, तर तो १२-१२-३६ असाच सरळ दिसतो. एकाच पत्रकात दोन्ही दिसू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. त्यामुळे ग्रेड कधीही एकट्या ग्रेडवरून भरू नका, खाली घटकांची यादी असते, नायट्रोजन इतके टक्के, पोटॅशियम इतके टक्के, तिथे तपासा. फाईल कॉपी होणारी असेल तर फक्त ग्रेडचा तुकडा, शेजारचं एकही अक्षर न घेता, अंक इंग्रजी करून नोटपॅडमधे डावीकडून वाचायच्या मोडमधे बघा, टाइप केलेला मूळ क्रम बहुतेक वेळा तिथे समजतो. बहुतेक वेळा म्हणतोय कारण काही टायपिस्ट स्क्रीनवर उलटं दिसतं म्हणून मुद्दाम उलटं टाइप करून ठेवतात, मग यादीशिवाय इलाज नाही.

एककांकडे वळू. इजिप्तच्या पत्रकात मात्रा फद्दानला असते, फद्दान म्हणजे ४,२०० चौरस मीटर, आपल्या एकरापेक्षा जेमतेम चार टक्के मोठा. म्हणून फद्दानला एकर समजून भरलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, फवारणीला ते चालूनही जातं, पण शीटमधे रकाना हेक्टरचा असेल तर २.३८ ने गुणायला विसरू नका. दूनुम आला तर मात्र थांबा. जॉर्डन, लेबनॉनकडे दूनुम १,००० चौरस मीटरचा आणि इराकमधे २,५०० चा. नाव एकच, अडीच पट फरक. कागदावर देश लिहिलेला नसेल तर तो आकडा बदलूच नका, तसाच "दूनुम" लिहून ठेवा आणि विचारा.

इराणी कागदात हेक्टर, लिटर, किलो नीट असतात, पण जुने किंवा बाजाराचे कागद आले की मन आणि सीर भेटतात, आणि इथे मराठी माणूस हमखास गोत्यात येतो कारण आपल्याकडेही मण आणि शेर होते, आणि आपल्याकडेही ४० शेरांचा मण होता. तिकडेही ४० सीरांचाच मन आहे. पण तबरीझी मन साधारण ३ किलोचा आणि सीर ७५ ग्रॅमचा, तर ब्रिटिश काळातला आपला प्रमाण मण सव्वासदतीस किलोचा. हिशेब चाळीसने बरोबर जुळतो म्हणून संशय येत नाही आणि उत्तर बारा पटीने चुकतं. केशराच्या कागदात मिस्काल असतो, तो साधारण ४.६ ग्रॅम. किमतीच्या कागदात रियाल की तोमान ते शब्द वाचून ठरवा, एक तोमान म्हणजे दहा रियाल, आकड्याकडे बघून ते कळत नाही.

अरबी कागदात م हे एकच अक्षर तीन कामं करतं. अंशाच्या खुणेनंतर आलं तर सेल्सियस, चार अंकी सालानंतर आलं तर इसवी सन, एरवी मीटर. आणि एक गोष्ट जी नुसते अंक शोधणाऱ्याला दिसतच नाही, अरबीत दोनसाठी बऱ्याचदा अंकच नसतो. لتران एवढं लिहिलं की झालं दोन लिटर, आणि لتر ونصف म्हणजे दीड लिटर, त्यातही एकही अंक नाही. म्हणून मात्रेच्या ओळीत एकक दिसतंय पण आकडा नाही असं झालं तर रकाना रिकामा सोडू नका किंवा एक धरू नका, तो शब्द कुणाला तरी वाचायला द्या.

फाईल कॉपी होत असेल तर हाताने भरण्यापेक्षा अंक बदलून घेणं बरं. फक्त लक्षात ठेवा की दिसायला सारखे सात अंक संगणकासाठी सारखे नाहीत, अरबी गट U+0660 पासून आणि इराणी गट U+06F0 पासून सुरू होतो, त्यामुळे एका फाईलमधे दोन्ही मिसळलेले असले तर शोधताना अर्धे सापडत नाहीत. शिवाय काही इराणी फॉन्ट असे असतात की टाइप केलेले इंग्रजी अंकच इराणी आकारात दाखवतात, कॉपी केलं की सरळ इंग्रजी अंक येतात, घाबरू नका, ते बरोबरच असतात. पण मग अंकाच्या कोडवरून देश ओळखायचा नाही, दिसणाऱ्या पानावरूनच ओळखायचा. पायथॉन येत असेल किंवा ऑफिसात कोणाला येत असेल तर इतकं पुरे:

```python
t = str.maketrans("٠١٢٣٤٥٦٧٨٩۰۱۲۳۴۵۶۷۸۹", "0123456789" * 2)
s = s.translate(t).replace("٬", "").replace("٫", ".")
```

यात `/` ला मी मुद्दाम हात लावलेला नाही. ती रेघ सरसकट टिंबात बदलली तर तारखा आणि इजिप्तचे अपूर्णांक मरतात, ते काम माणसानेच देश बघून करायचं.

आणि एक्सेलबद्दल, रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. नाहीतर 1/5 टाकलं की एक्सेल त्याची गुपचूप तारीख करतं, १ मे किंवा ५ जानेवारी, आणि नंतर रकाना नंबर केला की चाळीस-पन्नास हजारांतला काहीतरी भलताच आकडा दिसतो. मी एका आकड्याला तीन रकाने ठेवतो, पहिल्यात कागदावर जसं आहे तसं, रेघेसकट, दुसऱ्यात माझा वाचलेला आकडा, तिसऱ्यात एकक कागदावरच्याच नावाने. रूपांतर चौथ्यात, सूत्राने. पहिला रकाना असला की चूक झाली तरी परत कागद शोधावा लागत नाही.

आधी भरलेलं सगळं परत तपासायची गरज नाही बहुतेक. इराणच्या ओळी वेगळ्या काढा, त्यात ०.२, ०.४, १.४, ०.०४ असे आकडे शोधा, हे अनुक्रमे १.५, २.५, ७.५ आणि १.२५ चे बिघडलेले अवतार असणार. इजिप्तच्या ओळींत १.३३, २ आणि ४ बघा, त्यातले काही ٤/٣, ٢/١ आणि ٤/١ असतील, पण २ आणि ४ खरेही असू शकतात म्हणून तिथे कागद उघडावाच लागेल. पाण्याच्या रकान्यात ३ लिटर कुठे आहे तेही बघून घ्या. एखादी ओळ अडलीच तर पूर्ण पानाचा फोटो टाका, नुसत्या आकड्याचा तुकडा नको, कारण देश आणि शेजारचे आकडे दिसल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.